जादा मतं कोणत्या मतपत्रिकांची? तीन जागांची एक मोजणी शेवटपर्यंत

प्रश्न: आमचं बडोद्यात मराठी मंडळ आहे. कार्यकारिणीच्या तीन जागा असतात. प्रत्येक सभासद तीन नावांवर खूण करतो आणि दर वेळी एकाच गटाचे तिघं निवडून येतात. या वर्षी राज्यसभेसारखी पसंतीक्रमाची पद्धत आणायचं ठरलंय. सराव म्हणून मोजणी केली तर दोघांचे दोन निकाल आले. पहिल्या उमेदवाराची जादा मतं वाटताना एकाने गठ्ठ्यातल्या वरच्या मतपत्रिका घेतल्या, दुसऱ्याने सगळ्या. बरोबर कोण? आणि ही मतं नेमकी वाटतात कशी?

उत्तर: सगळ्या मतपत्रिका घेणारा बरोबर. वरच्या घेणाऱ्याची बेरीज चुकलेली नसेल, पण कोणाचं मत पुढे जाणार हे त्याने गठ्ठा कसा रचला गेला यावर सोडलं. तुमच्या दोन निकालांतला फरक बहुधा तिथूनच आला आहे.

एक अट मात्र आधी सांगतो. या पद्धतीचे जगात अनेक पोटप्रकार आहेत आणि मोजणीच्या वेळी तुमच्या नियमावलीत जो लिहिलेला असेल तोच चालतो. आयर्लंडमध्ये खालच्या सभागृहासाठी अजूनही अख्ख्या मतपत्रिका प्रमाणात उचलून पुढे देतात. तिथे मतदारसंघात हजारो मतं असतात, त्यामुळे उचललेल्या मतपत्रिका साधारण सगळ्यांसारख्याच निघतात. शंभरेक मतांच्या मंडळात तो भरवसा धरता येत नाही. मी बडोद्यातल्या संस्थांसाठी निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून बरीच वर्षं काम करतो आहे आणि पसंतीक्रमाची मोजणी राज्यसभेच्या नियमांनीच करतो. ते ‘निवडणूक संचालन नियम, १९६१’ मध्ये आहेत. राज्यसभेला मतदार थोडे, म्हणजे आमदारच, असतात आणि हे नियम कागद-पेनावर पडताळता येतात. पुढचं सगळं त्यांनाच धरून.

आकड्यांकडे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण सभासद सगळ्यात जास्त तिथेच अडखळतात. मतदाराने पाच नावांपुढे १ ते ५ लिहिले तरी त्याचं मत एकच असतं. दुसरी पसंती म्हणजे अर्धं मत नव्हे आणि तिचे गुणही मोजायचे नसतात. ती मोजणाऱ्याला दिलेली सूचना आहे: माझ्या पहिल्या माणसाला माझ्या मताची गरज उरली नाही तर ते याला द्या. गरज दोनच कारणांनी उरत नाही. एक तर तो गरजेपेक्षा जास्त मतं घेऊन निवडून आला, किंवा तो स्पर्धेतूनच बाद झाला. पहिल्या कारणाने मताचा उरलेला भाग पुढे जातो, दुसऱ्याने अख्खं मत.

आता उदाहरण. आकडे मी रचलेले आहेत, पण तुमच्यासारखीच परिस्थिती धरली आहे. जागा तीन, वैध मतपत्रिका ९६. एका गटाचे क, ख आणि घ असे तीन उमेदवार, दुसऱ्या गटाचे ग आणि च. पहिल्या पसंतीनुसार गठ्ठे लावले तर क ४०, ख १२, ग २०, घ १०, च १४. म्हणजे पहिल्या गटाकडे ६२ मतदार आणि दुसऱ्याकडे ३४. तुमच्या जुन्या पद्धतीत ६२ जणांनी आपल्या तिघांवर खुणा केल्या असत्या, तिघांनाही बासष्ट-बासष्ट मतं पडली असती आणि ३४ जणांच्या हाती काहीच लागलं नसतं.

राज्यसभेच्या नियमात प्रत्येक वैध मतपत्रिकेचं मूल्य १०० धरतात. पुढे मताचे तुकडे करावे लागतात आणि दशांश चिन्हापेक्षा पूर्ण आकडे सांभाळणं सोपं जातं, एवढंच त्यामागचं कारण. आपलं एकूण मूल्य झालं ९६००. कोटा म्हणजे निवडून यायला पुरेसं मूल्य. तो काढायला एकूण मूल्याला जागांपेक्षा एकने जास्त आकड्याने, म्हणजे इथे ४ ने भागायचं, बाकी उरली तर सोडून द्यायची आणि १ मिळवायचा. ९६०० भागिले ४ म्हणजे २४००, अधिक १, कोटा २४०१.

तीन जागा असताना चारने का भागायचं, हे तुम्हाला सभेत नक्की विचारतील. चार जणांना प्रत्येकी २४०१ मिळायचे तर ९६०४ लागतील आणि आपल्याकडे ९६०० च आहेत. म्हणजे कोटा गाठणारे जास्तीत जास्त तीनच असू शकतात. चौथ्याला जागा मिळू न देणारा हा सगळ्यात लहान आकडा आहे. तीनने भागलं असतं तर कोटा ३२०० च्या घरात गेला असता आणि निवडून येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताशी गरज नसलेली मतं अडकून राहिली असती.

कोटा वैध मतपत्रिकांवर निघतो, हेही विसरू नका. आपल्या गुजरातेत २०१७ च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेच्या तीन जागांसाठी १७६ आमदारांनी मतदान केलं होतं. दोन आमदारांनी मतपत्रिका नको त्या माणसांना दाखवल्या म्हणून त्या रद्द झाल्या आणि १७४ उरल्या. १७४०० भागिले ४ अधिक १, म्हणजे कोटा ४३५१. अहमद पटेल यांच्याकडे ४४ मतं होती, मूल्य ४४००, आणि ते पहिल्याच फेरीत निवडून आले. त्या दोन मतपत्रिका वैध राहिल्या असत्या तर कोटा ४४०१ झाला असता, ४४ मतं एकाने कमी पडली असती आणि मोजणी पुढच्या फेरीत गेली असती. म्हणून वैध-अवैधचा निकाल सगळ्यांसमोर आधी लावायचा, त्यावर सह्या घ्यायच्या आणि मगच कोटा फळ्यावर लिहायचा.

आपल्या मोजणीत पहिल्या फेरीअखेर क कडे ४००० आहेत. तो निवडून आला आणि त्याचं आधिक्य, म्हणजे कोट्यापेक्षा जादा मूल्य, १५९९ झालं. तुमच्या मोजणाऱ्याने इथे असा हिशेब केला असणार की १५९९ म्हणजे जवळपास सोळा मतपत्रिका, तर वरच्या सोळा उचलू. आता पेटीत मतपत्रिका पडल्या कशा ते आठवा. मांजलपूरच्या एका सोसायटीतले सभासद एकाच वेळी एकत्र आले, त्यांनी एकामागोमाग एक मतदान केलं. त्यांची पहिली पसंती क आणि दुसरी घ. पेटी उघडून गठ्ठा लावला तेव्हा त्या मतपत्रिका वरच राहिल्या. समजा वरच्या सोळांत घ च्या १२, ख च्या ३ आणि ग ची १ निघाली. घ एकदम २२०० वर गेला, ख १५०० वरच थांबला. पुढे च बाद झाल्यावर त्याच्या आणखी तीन मतपत्रिका घ ला मिळाल्या की तो २५०० वर जाऊन कोटा ओलांडतो. निकाल क, ग, घ.

आता नियमाप्रमाणे करू. क च्या चाळीसही मतपत्रिका पुन्हा हातात घ्यायच्या आणि पुढच्या पसंतीनुसार त्यांचे उपगठ्ठे लावायचे. समजा ख च्या १७, घ च्या १६ आणि ग च्या ३ निघाल्या. चार मतपत्रिकांवर क सोडून दुसरं नावच नव्हतं. त्या बाजूला ठेवायच्या, त्या क कडेच राहतील. पुढे जाऊ शकणाऱ्या झाल्या ३६. आधिक्य १५९९ भागिले ३६ म्हणजे ४४ आणि काही अपूर्णांक. अपूर्णांक सोडायचा. त्या छत्तीसपैकी प्रत्येक मतपत्रिका आता ४४ मूल्याने पुढे जाते. ख ला १७ गुणिले ४४, म्हणजे ७४८. घ ला ७०४. ग ला १३२. अपूर्णांकात १५ गेले.

इथे ४० ने नव्हे, ३६ ने भागायचं, हे ठळक अक्षरांत लिहून ठेवा. ज्यांनी पुढची पसंती दिलीच नाही त्यांची मतं क च्या कोट्यात धरली जातात आणि ज्यांनी दिली त्यांच्यातच पूर्ण आधिक्य वाटलं जातं. चाळीसने भागलं तर क चं आधिक्य विनाकारण वाया जातं. ही चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे आणि ती पटकन लक्षात येत नाही, कारण भागाकार दिसायला नेटका असतो.

दुसऱ्या फेरीनंतर ग २१३२, ख १९४८, घ १७०४, च १४००. कोटा कोणाचाच भरला नाही आणि वाटण्याजोगं आधिक्य उरलं नाही. आता सगळ्यात तळाचा बाद होतो, म्हणजे च. त्याच्या चौदाही मतपत्रिका पहिल्या पसंतीच्या, म्हणून प्रत्येक पूर्ण १०० मूल्याने जाते. यातल्या काहींवर दुसरी पसंती क ला असू शकते. क आधीच निवडून आला आहे, म्हणून त्याचं नाव ओलांडून तिसऱ्या पसंतीकडे जायचं. पुढची पसंती म्हणजे मैदानात अजून उरलेल्यांपैकी पुढची. समजा नऊ मतपत्रिका ग कडे गेल्या, तीन घ कडे, आणि दोन मतपत्रिका संपल्या, कारण त्यांवर उरलेलं नाव नव्हतं.

ग झाला ३०३२ आणि निवडून आला. घ झाला २००४, म्हणजे ख च्या १९४८ पेक्षा ५६ ने पुढे. पुष्कळ लोक इथे मोजणी थांबवून घ ला विजयी करून टाकतात. पण ग कडे ६३१ आधिक्य आहे आणि ते वाटल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

या आधिक्यासाठी नियम वेगळा आहे. ते मिळालेल्या मतांमुळे तयार झालं, म्हणून ज्या शेवटच्या उपगठ्ठ्याने त्याला कोट्यापलीकडे नेलं तेवढाच तपासायचा. तो म्हणजे च कडून आलेल्या नऊ मतपत्रिका. समजा त्यांत पुढची पसंती ख ला ४, घ ला २, आणि तिघांनी पुढे काही लिहिलेलं नाही. पुढे जाऊ शकणाऱ्या सहा मतपत्रिकांचं मूल्य ६००, आधिक्य ६३१. मूल्य आधिक्यापेक्षा कमी आहे, म्हणून इथे भागाकारच नाही. त्या ज्या मूल्याने आल्या त्याच १०० मूल्याने पुढे जातात. ६३१ भागिले ६ करून प्रत्येकीला १०५ दिलं तर एका मतपत्रिकेचं मूल्य एका मतापेक्षा जास्त होईल, आणि ते कुठल्याच नियमात बसत नाही. उरलेले ३१ ग कडेच राहतात.

ख झाला २३४८, घ झाला २२०४. जागा एक, उमेदवार दोन, वाटायला काही नाही. ख पुढे आहे म्हणून ख निवडून आला. त्याने कोटा गाठलेला नाही आणि तरी निवड पूर्ण वैध आहे. मतपत्रिका संपत जातात तसा शेवटच्या जागेला कोटा गाठायला माल उरत नाही, एवढंच.

सगळं एकत्र असं दिसतं:

| | फेरी १ | फेरी २ | फेरी ३ | फेरी ४ |
|---|---|---|---|---|
| क | ४००० | २४०१ | २४०१ | २४०१ |
| ख | १२०० | १९४८ | १९४८ | २३४८ |
| ग | २००० | २१३२ | ३०३२ | २४३२ |
| घ | १००० | १७०४ | २००४ | २२०४ |
| च | १४०० | १४०० | ० | ० |
| संपलेल्या | ० | ० | २०० | २०० |
| अपूर्णांकात गेलेले | ० | १५ | १५ | १५ |
| एकूण | ९६०० | ९६०० | ९६०० | ९६०० |

शेवटची ओळ प्रत्येक फेरीनंतर भरायचीच. ९६०० आले नाहीत तर पुढची फेरी सुरू करायची नाही. फरक शंभराच्या पटीत असेल तर बहुतेक वेळा एखादी मतपत्रिका मोजायची राहिलेली किंवा दोनदा मोजलेली असते. ४४ च्या पटीत असेल तर क च्या उपगठ्ठ्यांपैकी एखादा पुन्हा मोजा. ही ओळ मात्र एक चूक पकडू शकत नाही: मतपत्रिका चुकीच्या उमेदवाराच्या उपगठ्ठ्यात जाऊन तिथे बरोबर मोजली गेली तर बेरीज जुळतेच. म्हणून उपगठ्ठा लावणारा एक आणि तो पुन्हा वाचून दाखवणारा दुसरा, असे दोघं हवेत.

निकाल क, ख, ग. पहिल्या गटाला दोन जागा, दुसऱ्याला एक. तिन्ही जागा कोटा भरून घ्यायला ७२०३ मूल्य, म्हणजे किमान ७३ मतपत्रिका लागतात आणि पहिल्या गटाकडे ६२ होत्या. आणि वरच्या सोळा मतपत्रिकांच्या पद्धतीशी तुलना केलीत तर दिसेल की गटांचं गणित तिथेही दोन-एकच राहिलं होतं. बदलला तो माणूस, ख च्या जागी घ. तुमच्या सरावातही असंच झालं असेल तर आश्चर्य नाही. हा फरक गटाच्या बेरजेत दिसत नाही, म्हणून तो चालून जातो, आणि ज्याची जागा जाते त्याला आपण कशामुळे हरलो हे कधी कळतही नाही. मला ही गोष्ट मनापासून खटकते.

या नियमांची एक उणीवही तुम्हाला माहीत असावी. ख आणि घ एकाच गटाचे होते, पण त्यांच्यातला निकाल दुसऱ्या गटाच्या सहा मतपत्रिकांनी लावला. ग चे स्वतःचे वीस मतदार आणि क कडून आलेले तीन, यांना त्या वाटपात काहीच म्हणता आलं नाही, कारण आपण फक्त शेवटचा उपगठ्ठा पाहिला. स्कॉटलंडमध्ये २००७ पासून स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत निवडून आलेल्याच्या सगळ्या मतपत्रिका त्यांच्या त्यांच्या मूल्याच्या प्रमाणात पुढे जातात. ते जास्त न्याय्य आहे, पण तिथे मोजणी यंत्राने होते. हाताने करायचं तर प्रत्येक फेरीत वेगवेगळ्या मूल्यांचे अनेक छोटे गठ्ठे सांभाळावे लागतात आणि चुका वाढतात. तुमच्या आकाराच्या मंडळाला मी आजही राज्यसभेचाच नियम सुचवीन. एखाद्या सभासदाने आक्षेप घेतला तर त्याच्यासमोर तासाभरात सगळं पुन्हा मोजून दाखवता येतं.

बाकी काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. तीन जागांत साधारण एक चतुर्थांशाहून थोडा मोठा गट एक जागा खात्रीने घेऊ शकतो. पाच जागा केल्यात तर एक षष्ठांशाहून थोडा मोठा गटही पुरतो. दुसरा गट त्याहून लहान असेल तर ही पद्धत त्याला जागेची हमी देत नाही. अध्यक्षपदासारख्या एका पदाला ती लावलीत तर वाटून घ्यायला काही नसतंच, तिथे बहुमतवालाच येणार. आणि सभासदांनी फक्त १ लिहून सोडलं तर आधिक्य अडकून पडेल आणि पद्धतीचा निम्मा फायदा जाईल. म्हणून मतपत्रिकेवर वरच छापा की कितीही पसंती द्या, पण क्रम तोडू नका. १, २ लिहून पुढे एकदम ४ लिहिला तर मतपत्रिका २ पर्यंत चालते आणि पुढे संपते. दोन नावांपुढे २ लिहिला तर १ पर्यंतच चालते. १ कुठेच नसेल किंवा दोन नावांपुढे असेल तर ती अवैध. जुन्या सवयीने बरोबरची खूण करणारे पहिल्या वर्षी नक्की निघतील, त्यांना मतदानाच्या टेबलावरच समजावून सांगायला एक माणूस बसवा.

मंडळाच्या घटनादुरुस्तीच्या ठरावात मूल्य १००, कोट्याचं सूत्र, आधिक्य वाटायचा नियम आणि तळाला दोघं सारखे आले तर कोण बाद हे चारही लिहून घ्या. तळाच्या बरोबरीत राज्यसभेच्या नियमात आधीच्या फेऱ्यांतला पहिला फरक पाहतात, तोही नसेल तर चिठ्ठी टाकतात. मोठं आधिक्य आधी वाटायचं, हेही त्यातच घाला.

आणि मुदतीच्या मध्येच कोणी राजीनामा दिला तर काय, हे आत्ताच ठरवा. एका जागेची पोटनिवडणूक घेतलीत तर ती मोठ्याच गटाला जाईल आणि ग ची जागा पहिल्याच वर्षात हातची जाऊ शकते. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया राज्यात अशा वेळी नवीन मतदान न घेता जाणाऱ्या माणसाच्या मतपत्रिका पुन्हा मोजून त्याच मतदारांकडून बदली माणूस काढतात. तसं करायचं असेल तर ठरावात ते लिहा आणि निकालानंतर मतपत्रिका फाडू नका. प्रत्येक गठ्ठ्यावर फेरी आणि मूल्य लिहिलेली चिठ्ठी लावून कार्यकारिणीची मुदत संपेपर्यंत त्या मोहोरबंद ठेवा.